अष्टविनायक बस यात्रेची जाहिरात: दिवस, गाव आणि जेवण नेमकं कसं लिहायचं

प्रश्न: आमची हडपसरला १७ सीटर गाडी आहे. महिन्यातून दोनदा अष्टविनायक यात्रा काढतो. ऑनलाइन जाहिरातीचं शीर्षक आहे ‘पवित्र अष्टविनायक दर्शन – अविस्मरणीय यात्रा – सर्व सोयींसह’. फोन भरपूर येतात, पण सगळे तेच विचारतात: कुठून निघते, किती दिवस, जेवण धरून का? बुकिंग मात्र होत नाही. शीर्षकात आणि वर्णनात काय लिहू?

उत्तर:

तुम्हाला येणारे तीन प्रश्न म्हणजेच तुमचं शीर्षक. ‘पवित्र’ आणि ‘अविस्मरणीय’ काढून टाका. गणपती पवित्र आहे हे सांगायला कुणी गाडी शोधत नाही. शोधणारा मोबाइलवर `ashtavinayak tour from pune 2 days` असं काहीतरी रोमनमध्ये टाइप करतो किंवा मराठीत ‘पुण्याहून अष्टविनायक बस’ असं बोलतो. त्यात यात्रा कोणती, गाव कुठलं आणि दिवस किती हे तिन्ही येतं. तुमच्या शीर्षकात यातलं फक्त पहिलं आहे.

मी गेली बावीस वर्षं पुण्यातून यात्रा काढतोय. सुरुवातीला पत्रकं वाटायचो, मग वर्तमानपत्रात छोटी जाहिरात, आता सगळं मोबाइलवर. एवढ्या वर्षांत भांडणं झाली ती देवळात किंवा रस्त्यात फारशी झाली नाहीत. झाली ती जाहिरातीतल्या तीन शब्दांवरून: ‘दिवस’, ‘पुण्याहून’ आणि ‘समाविष्ट’. हे तिन्ही शब्द आपण एका हिशेबाने लिहितो आणि प्रवासी दुसऱ्याच हिशेबाने वाचतो.

आधी दिवस घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

माझीच चूक सांगतो. फार पूर्वी मी मुंबईहून यात्रा काढली होती. शुक्रवारी रात्री १० वाजता दादरहून निघायचं आणि रविवारी रात्री परत. शुक्रवार, शनिवार, रविवार मोजले आणि ऐटीत छापलं: ‘३ दिवस २ रात्री’. एका शाळेतल्या बाई आई-वडिलांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी ‘दोन रात्री’ म्हणजे दोन रात्री खोलीत, असं धरलं होतं. पहिली रात्र बसमध्ये गेली, पहाटे तोंड धुवायला धाब्याचा नळ मिळाला आणि वडिलांचे पाय सुजले. परतताना बाईंनी मला एकच विचारलं, “शुक्रवारचा दिवस कुठे होता हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारचे दोनच तास होते, आणि तेही रात्रीचे.

तेव्हापासून नियम असा की रात्र म्हणजे गादीवर काढलेली रात्र. बसमध्ये काढलेली रात्र वेगळी लिहायची, ‘१ रात्र मुक्काम + १ रात्र बस प्रवास’. आणि दिवस म्हणजे ज्या दिवशी किमान अर्धा दिवस तरी दर्शन किंवा प्रवास आहे तो. शीर्षकात ‘२ दिवस १ रात्र’ लिहिलंत की वर्णनाच्या पहिल्याच ओळीत निघायची आणि पोचायची वेळ लिहा: ‘शनिवारी पहाटे ५.३० ते रविवारी रात्री १०’. एवढ्याने नोकरी करणाऱ्याला कळतं की सोमवारी ऑफिस गाठता येईल आणि सुट्टी लागणार नाही. बुकिंग करायचं की नाही हे बहुतेक लोक याच ओळीवर ठरवतात.

आता पुण्याहून दोन दिवसांत आठही गणपती होतात का? होतात, पण घड्याळाकडे बघून. माझा क्रम सांगतो. तुमची गाडी हडपसरची असल्यामुळे तो तुम्हाला जवळजवळ तसाच वापरता येईल.

पहाटे ५.३० ला स्वारगेट, सहाच्या आत हडपसर, मग दिवे घाट, सासवड, जेजुरीवरून मोरगाव. पावणेआठपर्यंत मयूरेश्वर. दर्शन आणि नाश्ता उरकून पावणेनऊला निघालं की पावणेअकराच्या सुमारास सिद्धटेक. तिथून बाराला निघायचं, सोलापूर रस्त्यावर जेवण घ्यायचं आणि पावणेतीनपर्यंत थेऊर. थेऊरहून रांजणगाव सव्वापाचपर्यंत, आणि तिथून अंधारात ओझर, साडेआठ-पावणेनऊ. मुक्काम ओझरला. दुसऱ्या दिवशी पहाटे विघ्नहराचं दर्शन, नाश्ता, साडेसातला लेण्याद्रीच्या पायथ्याशी. दहाला तिथून निघून नारायणगाव, चाकण, तळेगावमार्गे खोपोलीकडे उतरायचं. तीनच्या सुमारास महड, पाचला पाली, सहाला पालीहून परत. साडेनऊला वाकड, दहाला स्वारगेट. सगळं मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास गाडी पळते.

या वेळापत्रकाची नाडी लेण्याद्री आहे. ते डोंगरातल्या लेण्यात आहे, तीनशेच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत, आणि तिथे दिवसाउजेडीच जायचं असतं. रांजणगावहून निघून ‘लेण्याद्रीपण आजच उरकू’ म्हणालात की फसलात. पायथ्याशी पोचाल तेव्हा वर जाता येणार नाही. म्हणून मुक्काम ओझरला आणि लेण्याद्री दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत. जाहिरातीत ‘मुक्काम ओझर’ हे दोन शब्द लिहा. जाणकार प्रवासी ते वाचून ओळखतो की माणसाने वेळापत्रक विचार करून बसवलंय. जो नुसतं ‘१ रात्र मुक्काम’ लिहितो, त्याचा मुक्काम आयत्या वेळी जिथे खोली स्वस्त मिळेल तिथे होतो, आणि हेही लोकांना आता माहीत झालंय.

क्रमावरून एक गोष्ट वर्णनात आवर्जून लिहा, नाहीतर एखाद्या आजी भर रस्त्यात गाडी थांबवतील. शास्त्राप्रमाणे मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असा क्रम मानतात, आणि शेवटी पुन्हा मोरगावला येऊन यात्रा पुरी करायची. त्या क्रमाने दोन दिवसांत जमत नाही. सिद्धटेकहून थेट पालीला जायचं आणि मग उलट थेऊरला यायचं, यात एक दिवस वाढतो. आपण काढतो तो क्रम रस्त्याच्या सोयीचा. मग सरळ लिहायचं: ‘दर्शनाचा क्रम प्रवासाच्या सोयीने. सुरुवात मोरगावने, शेवटी पुन्हा मोरगावला जात नाही.’ ज्यांना शास्त्रोक्त क्रमच हवा आहे ते तुमच्याकडे येणार नाहीत. येऊच नयेत. त्यांच्यासाठी तीन दिवसांची वेगळी यात्रा काढता आली तर काढा आणि शीर्षकात ‘शास्त्रोक्त क्रमाने, ३ दिवस २ रात्री’ असं लिहा. तो शब्द लिहिला की त्या यात्रेला वेगळं गिऱ्हाईक मिळतं आणि ते दरासाठी फार घासाघीस करत नाही.

आता गाव. शीर्षकात ‘पुण्याहून’ लिहिणं पुरेसं आहे, पण वर्णनात पुणे म्हणजे कुठला कोपरा, ते हवं. पुणे आता इतकं पसरलंय की निगडीच्या माणसाला पहाटे साडेपाचला स्वारगेट गाठायचं म्हणजे चारला रिक्षा शोधायची. चढायची ठिकाणं वेळेसकट लिहा: ‘स्वारगेट ५.३०, हडपसर ५.५०’. दोनच असतील तर दोनच लिहा. ‘पुणे व पिंपरी-चिंचवडमधून’ असं मोघम लिहिलंत की फोनवर प्रत्येक जण आपल्या घराजवळचा चौक मागणार.

इथे एक गोष्ट नवे लोक विसरतात. चढायचं ठिकाण आणि उतरायचं ठिकाण एकच नसतं. आपण निघतो पूर्वेकडून, हडपसरमार्गे. परत येतो पश्चिमेकडून, खोपोली-लोणावळ्याकडून. म्हणजे रात्री साडेनऊला गाडी वाकडजवळून जातेच. निगडी-वाकडच्या लोकांना सकाळी स्वारगेटला यावं लागलं तरी रात्री घराजवळ उतरता येतं. हे लिहिलंत की तिकडचे प्रवासी मिळतात. माझ्या जाहिरातीत ‘उतरण्याची ठिकाणं: वाकड, शिवाजीनगर, स्वारगेट’ ही ओळ घातल्यावर चिंचवडकडून चौकशी सुरू झाली. त्याआधी तिकडून कुणी फिरकत नव्हतं.

आणि ‘वाटेत कुठूनही बसता येईल’ हे वाक्य चुकूनही लिहू नका. आपल्या गाडीला कंत्राटी वाहनाचा परवाना असतो, एसटीसारखा टप्पा वाहतुकीचा नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कंत्राटी गाडीने कराराबाहेरचे प्रवासी वाटेत चढवायचे-उतरवायचे नसतात. यादीतला प्रवासी ठरलेल्या थांब्यावर घेणं वेगळं आणि रस्त्यावर हात दाखवणाऱ्याला घेणं वेगळं. जाहिरातीतच ‘कुठूनही’ लिहिलं असेल तर तपासणीत तुमचं बोलणंच बंद होतं. थांबे ठरवा, यादीत प्रवाशाच्या नावापुढे थांबा लिहा आणि यादी गाडीत ठेवा.

एकच यात्रा पुणे आणि मुंबई दोन्हीकडून काढत असाल तर एका जाहिरातीत दोन्ही गावं कोंबू नका. मुंबईहून निघालं की पहिले लागतात पाली आणि महड, आणि मोरगाव-सिद्धटेक शेवटच्या टोकाला. म्हणजे क्रम बदलला, मुक्काम बदलला, जेवणं बदलली. नाव एक असलं तरी ती वेगळी यात्रा आहे. दोन जाहिराती करा. मी एकदा एका मोठ्या बुकिंग संकेतस्थळावर माझी यात्रा टाकली होती. त्यांनी निघण्याच्या गावाच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ भरून टाकलं. नाशिकच्या एका कुटुंबाने पैसे भरले आणि गाडी नाशिकला कधी येणार म्हणून फोन केला. पैसे परत करावे लागले, तेही माझ्या खिशातून, कारण संकेतस्थळाने आपलं कमिशन कापून ठेवलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या संकेतस्थळावर जाहिरात गेली की प्रवाशासारखं स्वतः उघडून प्रत्येक रकाना वाचतो.

गावांच्या नावांबद्दलही थोडं सांभाळा. महड म्हणजे खोपोलीजवळचं, खालापूर तालुक्यातलं. वरदविनायक तिथे आहे. महाड वेगळं, रायगडाच्या पायथ्याकडचं, चवदार तळ्याचं. जाहिरातीत काना जास्त पडला की माणूस नकाशात महाड बघतो. माझ्याकडे नागपूरचे एक गृहस्थ ‘महाडला जाताय तर चवदार तळं आणि रायगडही होईल ना’ असं धरून आले होते, कारण पत्रकात छापणाऱ्याने ‘महाड’ केलं होतं. पालीचंही तसंच. महाराष्ट्रात पाली नावाची गावं बरीच आहेत, साताऱ्याकडे खंडोबाची पाली प्रसिद्ध आहे. म्हणून ‘पाली (सुधागड)’ आणि ‘महड (खोपोलीजवळ)’ असं लिहा.

सिद्धटेकबद्दल जुन्या जाहिरातींमधून नक्कल करणारे अजून ‘भीमा नदी होडीने पार’ असं लिहितात. शिरापूरच्या बाजूने आता पूल आहे, गाडी थेट जाते. प्रवासी होडीची वाट बघत बसतात आणि मग तुम्हाला विचारतात.

आता तिसरा शब्द, ‘समाविष्ट’. हा सगळ्यात महागात पडतो.

‘सर्व सोयींसह’ किंवा ‘जेवण-नाश्त्यासह’ याचा प्रवासी करतो तो अर्थ असा: घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पोटाची जबाबदारी यांची. तुम्ही करता तो असा: जेवढी जेवणं मी हिशेबात धरलीत तेवढी. भांडण नेहमी एकाच ठिकाणी होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालीहून परतताना. साडेसात-आठला गाडी एक्स्प्रेस वेवर थांबते. दहापर्यंत घर नाही, भूक लागलेली आहे, आणि तुम्ही म्हणता की हे जेवण आपापलं. तिथे वडा-पाव, चहा आणि बाटलीचं पाणी घेतलं तरी चार माणसांचं बिल बघून माणूस चिडतो, आणि दोन दिवसांत तुम्ही केलेलं सगळं त्या बिलाखाली गाडलं जातं.

म्हणून जेवणं मोजून, दिवसावारी लिहायची. माझ्या जाहिरातीत असं असतं: पहिला दिवस नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण. दुसरा दिवस सकाळचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, दुपारचा चहा. आणि मग स्वतंत्र ओळ: ‘दुसऱ्या दिवशीचं रात्रीचं जेवण समाविष्ट नाही. गाडी वाटेत अर्धा तास थांबेल.’ ही ओळ लिहिताना हात अडतो हे मला माहीत आहे. गिऱ्हाईक पळेल असं वाटतं. माझ्या अनुभवात ही ओळ वाचून कुणी पळालं नाही, पण ती नसल्यामुळे परतीच्या बसमध्ये भांडणं झाली आहेत. दुसरा उपाय म्हणजे पालीत निघताना प्रत्येकाच्या हातात पोळी-भाजीचं पाकीट द्यायचं आणि ते दरात धरायचं. मी काही वर्षं तसं केलं. बरं पडतं, फक्त सकाळी केलेली भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. त्यामुळे पाकीट पालीतच ताजं करून घ्यावं लागतं आणि आदल्या दिवशी आकडा कळवावा लागतो.

गणपतीच्या यात्रेत आणखी एक गोष्ट असते जी शिर्डीच्या किंवा कोल्हापूरच्या यात्रेत एवढी नसते, ती म्हणजे चतुर्थीचा उपवास. तुमची तारीख संकष्टीला आली की निम्म्या गाडीला उपवास असतो. नाश्त्याला पोहे दिले की निम्मे लोक ताट परत करतात. दुपारच्या धाब्यावर भगर आणि शेंगदाण्याची आमटी आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या दिवशी फोन करावा लागतो. रात्री चंद्रोदयानंतर उपवास सुटतो. ओझरला पावणेनऊला पोचलात तर चंद्रोदय साधारण त्याच सुमारास असतो, पण महिन्याप्रमाणे वेळ बदलते. पंचांग बघून भोजनगृहाला वेळ कळवायची. जाहिरातीत तारखांच्या पुढे ‘संकष्टी’ लिहा आणि ‘उपवासाचा फराळ मिळेल, बुकिंगच्या वेळी सांगावं’ एवढं एक वाक्य घाला. हे वाक्य मी घातलं तेव्हा माझ्या संकष्टीच्या फेऱ्या इतर फेऱ्यांच्या आधी भरू लागल्या. अंगारकीला मात्र मी एका मुक्कामाची यात्रा काढतच नाही. रांगांमध्ये वेळ जातो आणि लेण्याद्री-महडमधलं अंतर काही कमी होत नाही. पैसे चांगले मिळतात, पण एखादा गणपती राहून जातो, आणि आठपैकी सात म्हणजे अष्टविनायक नव्हे.

खोलीबद्दल लिहिताना ‘उत्तम निवास’ नको. भक्तनिवास की हॉटेल, एका खोलीत किती जण, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, सकाळी गरम पाणी मिळतं का, एवढं लिहा. पहाटे पाचला उठणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाला टीव्हीपेक्षा गरम पाण्याची पडलेली असते. ‘तिघांत एक खोली’ असा दर धरला असेल तर तेच लिहा आणि दोघांत एक हवी असल्यास किती जास्त, तो आकडा शेजारीच द्या.

‘व्हीआयपी दर्शन’ हा शब्द टाळा. आठही ठिकाणी देवस्थानं वेगळी, पद्धती वेगळ्या, गर्दीप्रमाणे बदलणाऱ्या. तुमच्या हातात नसलेली गोष्ट दरात धरली असं लिहून ठेवलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, ती तुमच्यावर बसते. त्याऐवजी ‘दर्शन सर्वसाधारण रांगेतून’ असं लिहिलं की विषय संपतो. तसंच लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट असतं, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. तिकीट दरात धरलं असेल तर तसं लिहा, डोली कधीच धरू नका, पण ‘डोलीचा खर्च वेगळा’ हे लिहाच. पायऱ्यांची गोष्ट जाहिरातीत लपवून कुणी ज्येष्ठांना बसवलं की ते पायथ्याशी बसून राहतात, आणि घरी गेल्यावर मुलं तुम्हाला फोन करतात.

दर शीर्षकात टाकू नका. डिझेल वाढतं, दर बदलतो, आणि जुनं शीर्षक लोकांनी फॉरवर्ड केलेलं असतं. तो वर्णनात दुसऱ्या ओळीत लिहा, आणि ‘पासून पुढे’ न म्हणता नेमका. जीएसटीची नोंदणी असेल तर ‘५ टक्के जीएसटीसह’ की ‘वेगळा’, हे तिथेच. ३,२०० वाचून आलेल्या माणसाला शेवटी ३,३६० मागितले तर १६० रुपयांसाठी तो तुम्हाला चोर समजतो.

एवढं सगळं शीर्षकात मावणार नाही हे उघड आहे. मोबाइलवर शोधताना साधारण पन्नास-साठ अक्षरांपुढे शीर्षक कापलं जातं, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी यात्रा, मग गाव, मग दिवस, आणि जागा उरली तर जेवण-मुक्काम. तुमच्या कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. तुमच्यासाठी मी असं लिहीन:

> अष्टविनायक बस यात्रा पुण्याहून | २ दिवस १ रात्र | जेवण व मुक्कामासह
>
> शनिवारी पहाटे ५.३० ते रविवारी रात्री १०. मुक्काम ओझर.
> दर माणशी ३,२०० रुपये, जीएसटीसह, तिघांत एक खोली (दोघांत एक हवी असल्यास ४०० जास्त).
> चढण्याची ठिकाणं: स्वारगेट ५.३०, हडपसर ५.५०. उतरण्याची ठिकाणं: वाकड, शिवाजीनगर, स्वारगेट.
> दिवस १: मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर. दिवस २: ओझर, लेण्याद्री (सुमारे ३०० पायऱ्या), महड (खोपोलीजवळ), पाली (सुधागड).
> समाविष्ट: १७ सीटर एसी गाडी, २ नाश्ते, २ दुपारची जेवणं, १ रात्रीचं जेवण, ३ वेळा चहा, खोली, लेण्याद्रीचं प्रवेश तिकीट. जेवण शाकाहारी. उपवासाचा फराळ आधी सांगितल्यास.
> समाविष्ट नाही: रविवारचं रात्रीचं जेवण, डोली, पूजा-अभिषेक, बाटलीबंद पाणी.
> दर्शन सर्वसाधारण रांगेतून. क्रम प्रवासाच्या सोयीने, शेवटी पुन्हा मोरगाव नाही.
> किमान १२ प्रवासी झाल्यास गाडी निघेल. न निघाल्यास तीन दिवस आधी कळवून पूर्ण पैसे परत.

दर आणि चारशेचा फरक उदाहरणादाखल घातला आहे, तुमचा हिशेब तुम्ही करा. बाकीचं मात्र ओळीने असंच ठेवा. शेवटची ओळ लहान गाडीला फार लागते. १७ सीटर गाडी सात जणांवर काढली तर डिझेलही सुटत नाही, आणि आदल्या रात्री ‘यात्रा रद्द’ असा फोन केला तर ते कुटुंब पुन्हा कधी तुमच्याकडे येत नाही.

पानाचा पत्ता बनवताना त्यात तारीख घालू नका. `ashtavinayak-yatra-pune-2-divas` असा ठेवलात की तोच पत्ता वर्षभर चालतो आणि आतल्या तारखा तेवढ्या बदलायच्या. तारीख घातलेला पत्ता महिन्याभरात शिळा होतो आणि दर महिन्याला तुम्ही शून्यापासून सुरुवात करता.

हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवता तेव्हा शीर्षक आणि पहिल्या तीन ओळी तशाच ठेवा, कारण बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे दडतं. तारीख मात्र मेसेजमध्ये वर्षासकट लिहा. माझा एक मेसेज कुठल्याशा सोसायटीच्या गटात वर्षभर फिरत होता. त्यात ‘१२ तारखेला’ एवढंच होतं. पुढच्या वर्षी १२ तारखेला पहाटे पाचला स्वारगेटहून एका काकांचा फोन आला की गाडी दिसत नाही.